मुलांचा पहिला कीबोर्ड: आकार, बैठक, खेळ आणि खर्च

तिसरी-चौथीतल्या मुलासाठी कीबोर्ड घ्यायला दुकानात गेलं की तीन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे रंगीबेरंगी, मोठमोठ्या बटणांचा ‘किड्स’ कीबोर्ड, दुसरा छोट्याशा हातांसाठी म्हणून दाखवलेला चिमुकला मिनी कीबोर्ड आणि तिसरा बटणांखाली दिवे चमकणारा गेमिंगचा. किंमत साधारण आठशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंत. माझं मत आधीच सांगतो. यातला एकही घ्यायची गरज नाही. जो कीबोर्ड मुलाला खरंच उपयोगी पडेल तो बहुधा खालच्या फळीवर असतो आणि त्याची किंमत पाचशे ते हजार-बाराशेच्या घरात असते. उरलेलं लक्ष आणि थोडे पैसे खुर्ची-टेबलाच्या उंचीवर घालावेत. मूल टायपिंगला कंटाळतं किंवा दोन बोटांवरच अडकून राहतं, त्यात कीबोर्डइतकाच बसण्याच्या जागेचा दोष असतो.

सुरुवात आकारापासून करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. पालकांना वाटतं, हात लहान म्हणजे बटणंही लहान हवीत. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण 19 मिलिमीटर अंतर असतं. डाव्या हाताची चार बोटं A, S, D, F वर ठेवली तर करंगळीच्या मध्यापासून तर्जनीच्या मध्यापर्यंत अशी तीन अंतरं येतात, म्हणजे सुमारे 57 मिलिमीटर. आठ वर्षांच्या मुलाचा पंजा, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी मोजला तर साधारण सहा सेंटिमीटर रुंद भरतो. म्हणजे त्या वयात चारही बोटं न ताणता जागेवर बसतात. अडचण येते ती वरच्या ओळीतल्या Q आणि P पर्यंत करंगळी पोचवताना, किंवा डाव्या तर्जनीने खाली B गाठताना. सहा-सात वर्षांच्या मुलाचा सगळा हातच त्यासाठी उचलला जातो आणि बोटं आपली घरची जागा विसरतात. म्हणून दहा बोटांचं टायपिंग आठव्या वर्षाच्या आसपास सुरू करावं, त्याआधी नाही. बटणं आक्रसलेला मिनी कीबोर्ड घेऊन हा प्रश्न सुटतो असं वाटतं खरं, पण शाळेच्या संगणक कक्षात नेहमीच्याच अंतराचे कीबोर्ड असतात. घरी 17 मिलिमीटरची सवय झालेली बोटं तिथे एकेका बटणाने चुकत राहतात.

तेव्हा कीबोर्ड लहान घ्यायचा तो बटणं लहान असलेला नव्हे, तर उजवीकडचा आकड्यांचा चौकोन नसलेला. हा चौकोन गेला की 44 सेंटिमीटरचा कीबोर्ड साधारण 36 सेंटिमीटरवर येतो, अक्षरांची बटणं मात्र जशीच्या तशी राहतात. याचा फायदा दुहेरी आहे. माऊस सात-आठ सेंटिमीटर जवळ येतो, त्यामुळे मुलाचा उजवा खांदा सतत बाहेर ओढला जात नाही. शिवाय कीबोर्ड समोर ठेवला की अक्षरंही बऱ्यापैकी समोरच येतात. आकड्यांच्या चौकोनासकट असलेला कीबोर्ड टेबलाच्या मधोमध ठेवला तर अक्षरांचा मध्य मुलाच्या डावीकडे सरकतो आणि मूल नकळत कमरेत वळून बसतं. घरात असा मोठा कीबोर्ड आधीच असेल तर तो टाकून नवा आणू नका. G आणि H यांच्यामधली फट मुलाच्या बेंबीसमोर येईल इतका तो उजवीकडे सरकवा, एवढं पुरतं.

दुकानात खात्री कशी करायची? खिशात मोजपट्टी न्या. Q च्या डाव्या कडेपासून P च्या डाव्या कडेपर्यंत मोजा. 17 सेंटिमीटरच्या आसपास भरलं तर अंतर नेहमीचं आहे. साडेपंधरा किंवा त्याहून कमी भरलं तर बटणं आक्रसलेली आहेत, तो कीबोर्ड ठेवून द्या. ऑनलाइन मागवताना हे मोजता येत नाही आणि फोटोवरून कळतही नाही, म्हणून परत करता येणारीच वस्तू मागवा आणि घरी आल्यावर आधी पट्टी लावा. मग डोळे मिटून F आणि J वर तर्जनी फिरवा. दोन्हींवर एक बारीक उंचवटा असतो. खाली न बघता हात जागेवर आणण्याची हीच एकमेव खूण. काही स्वस्त कीबोर्डवर तो इतका पुसट असतो की बोटाला लागतच नाही, आणि मग मूल खाली बघणारच. त्यानंतर उजवीकडचं Shift पाहा. जागा वाचवण्यासाठी ते कापून शेजारी बाणांची बटणं घुसवलेली असतील तर मोठं अक्षर काढताना मुलाची करंगळी दर वेळी भलतीकडे पडेल. शेवटी एखादं लांब बटण, Space किंवा Enter, मधोमध न दाबता कोपऱ्यात दाबून बघा. ते अडकत असेल तर लहान करंगळीला रोज त्रास होणार.

मोठ्या रंगीत बटणांच्या कीबोर्डला मी का नाही म्हणतो, तेही सांगायला हवं. तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीसाठी तो ठीक आहे. पण बटणं इतकी रुंद असतात की चार बोटं शेजारशेजार बसूच शकत नाहीत, आणि रंग मुलाची नजर सतत खाली खेचतात. टायपिंग शिकताना नेमकी तीच सवय मोडायची असते. काही कीबोर्डवर तर अक्षरं A, B, C अशा क्रमाने लावलेली असतात. तसा कीबोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यावर शिकलेलं दुसरीकडे कुठेच उपयोगी पडत नाही.

आता किमती. दुकान, कंपनी आणि सणासुदीची सवलत यांप्रमाणे त्या वरखाली होतात, तरी अंदाज येण्यासाठी सांगतो. आकड्यांच्या चौकोनासकट येणारा, वायरचा, साधा कीबोर्ड नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर पाचशे ते आठशे रुपयांत मिळतो. आकड्यांचा चौकोन नसलेला पण पूर्ण अंतराचा वायरचा कीबोर्ड शोधावा लागतो, तो साधारण सातशे ते पंधराशेपर्यंत येतो. ब्लूटूथचे चांगले कीबोर्ड दीड ते तीन हजारांत आहेत. मुलासाठी त्यात काही विशेष लाभ नाही. उलट ऐन सरावात बॅटरी संपते नाहीतर जोडणी तुटते आणि पंधरा मिनिटांतली पाच त्यातच जातात. प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असलेला मेकॅनिकल कीबोर्ड दोन हजारांच्या पुढे जातो. तो टिकाऊ असतो, पण उंच असतो. मनगट वर वाकवावं लागतं आणि खटखट आवाजाने घरातली माणसं सरावाला लवकरच विरोध करू लागतात. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी बुटका, वायरचा, साधा कीबोर्ड हेच माझं उत्तर.

घरात लॅपटॉप असताना वेगळा कीबोर्ड कशाला, असा प्रश्न रास्त आहे. लॅपटॉपची बटणं बहुतेक वेळा ठीकच असतात. अडचण ही की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. हात योग्य उंचीवर आणले तर पडदा खाली जातो आणि मान झुकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात छातीपर्यंत उचलावे लागतात. पाचशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड घेतला की लॅपटॉप दोन-तीन जाड पुस्तकांवर चढवता येतो आणि दोन्ही गोष्टी जागेवर येतात. ज्या घरात फक्त मोबाइल किंवा टॅब आहे तिथेही वायरचा कीबोर्ड चालतो. शंभर-दीडशे रुपयांचा ओटीजी अडॅप्टर लागतो, तो घेण्याआधी आपल्या फोनचं चार्जिंगचं छिद्र कोणत्या प्रकारचं आहे ते पाहून घ्या. मोबाइलचा पडदा लहान असल्याने मूल पुढे झुकतं, म्हणून टॅब असेल तर तोच वापरावा.

बैठकीचं गणित एका उदाहरणावरूनच नीट समजेल. धरा, मुलगी आठ वर्षांची आहे, उंची 125 सेंटिमीटर. तिला खुर्चीवर ताठ बसवून, हात सैल सोडून, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि बैठकीपासून कोपरापर्यंत मोजा. साधारण 17 सेंटिमीटर भरेल. अनवाणी पावलापासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंतचं अंतर 32 च्या आसपास येईल. आता घरातलं जेवणाचं टेबल मोजा. ते बहुतेक घरांत 75 सेंटिमीटर उंच असतं, त्यावर कीबोर्डची जाडी दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटं 77 वर. खुर्चीची बैठक 45, अधिक तिचे 17, म्हणजे कोपर 62 वर. बोटं कोपरापेक्षा तब्बल 15 सेंटिमीटर उंच! मोठ्या माणसाला छातीच्या उंचीवर कीबोर्ड ठेवून टाइप करायला लावावं तसं हे आहे. मुलगी खांदे उचलते, कोपरं पंखांसारखी बाहेर काढते आणि थोड्याच वेळात मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवून दोन बोटांनी बटणं टिपू लागते. आई-वडिलांना वाटतं, तिचं लक्ष लागत नाही.

उपाय साधा आहे. बैठक 15 सेंटिमीटर उचला. त्यासाठी मऊ उशी नको, ती बसल्यावर दबते. घट्ट घडी केलेली गोधडी किंवा दोन जाड सतरंज्या ठेवा आणि ती बसलेली असतानाच पुन्हा मोजा. आता बैठक 60 वर आली, पण तिचे पाय 32 चेच आहेत, म्हणजे पावलं जमिनीपासून 28 सेंटिमीटर अधांतरी. तिथे बाथरूममधला प्लास्टिकचा स्टूल बसतो. तो साधारण 25 ते 30 सेंटिमीटर उंच असतो, नवा घ्यायचा तर दीडशे-तीनशे रुपये. पाय टेकलेले असणं महत्त्वाचं आहे, कारण लोंबकळत्या पायांचं मूल तोल सांभाळण्यासाठी हातांचा भार कीबोर्डवर टाकतं. खुर्चीची बैठक तिच्या मांडीपेक्षा खोल असते, म्हणून पाठीमागे एक उशी लावा, नाहीतर ती पाठ टेकायला मागे सरकेल आणि कीबोर्डपासून लांब जाईल. एक मात्र आधी तपासा. टेबलाच्या फळीखाली आडवी लाकडी पट्टी असेल तर उंच बसवल्यावर मांड्या तिला अडतात. तसं असेल तर हे टेबल तिच्यासाठी नाही. आणि या कामाला चाकांची खुर्ची वापरू नका.

मग दुसरा मार्ग आहे आणि तो मला जास्त आवडतो: जमिनीवर बसणं. अंथरुणावर ठेवण्यासाठी पाय दुमडणारी जी बैठी टेबलं मिळतात, ती साधारण 26-27 सेंटिमीटर उंच असतात आणि चारशे ते सातशे रुपयांत येतात. त्यावर कीबोर्ड ठेवला की बोटं 29 वर. मांडी घालून बसलेल्या त्याच मुलीचं कोपर जमिनीपासून 17 वर, म्हणून खाली 12 सेंटिमीटरची घट्ट बैठक द्या. पाठ भिंतीला टेका, गुडघे टेबलाखाली जातात. पायांखाली काही लागत नाही, उंची वाढेल तशी बैठक एकेका घडीने कमी करता येते. पंधरा-वीस मिनिटांच्या सरावाला ही बैठक उत्तम. तासभर बसायचं असेल तर पायांना मुंग्या येतात, पण या वयात तासभर टायपिंग करायचंच नसतं.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दुमडणारे दोन छोटे पाय असतात, ते मिटलेलेच ठेवा. ते उघडले की मनगट वरच्या दिशेने वाकतं. आणि पडद्याची वरची कड मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, अंतर त्याच्या हाताच्या लांबीइतकं.

आता खेळ. इथे खर्च शून्यही असू शकतो. पण कोणताही खेळ निवडण्यापूर्वी एक मर्यादा लक्षात घ्या: खेळाला फक्त बटण कळतं, ते कोणत्या बोटाने दाबलं हे कळत नाही. वरून अक्षरं पडतायत, ती जमिनीला टेकायच्या आत दाबायची, या प्रकारात दोन तर्जन्यांनी टिपणारं चपळ मूल भरपूर गुण मिळवतं. पालक कौतुक करतात, खेळ पुढची पातळी उघडतो आणि चुकीची सवय पक्की होत जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी धडे, मग खेळ, आणि खेळातही फक्त शिकलेली अक्षरं.

धड्यांसाठी टायपिंगक्लब हे संकेतस्थळ पुरेसं आहे. ते ब्राउझरमध्ये चालतं, मोफत वापरात जाहिराती दिसतात. सुरुवात F आणि J पासून होते, दोन-दोन अक्षरांनी पुढे जाता येतं आणि कोणतं बोट वापरायचं ते पडद्यावरच्या हातांवर दिसतं. इंटरनेट नसेल तरी अडत नाही. आपल्याकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गिरवली गेलेली ओळ नोटपॅडमध्ये गिरवता येते:

```
asdfgf ;lkjhj
```

दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला खेळापेक्षा मोजमापात रस असेल तर क्लावारो हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे.

खेळांमध्ये लहानांसाठी मी दोन सुचवेन. जीकॉम्प्री हा केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाचा, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा खेळांचा संच आहे. तो संगणकावर आणि अँड्रॉइडवर चालतो, त्यात पडणाऱ्या अक्षरांचा खेळ आहे, जाहिराती नाहीत. दुसरा टक्स टायपिंग. जुना आहे, मोफत आहे, इंटरनेट लागत नाही. वरून अक्षरं लिहिलेले मासे पडतात आणि बरोबर अक्षर दाबलं की पेंग्विन तो मासा गिळतो. मुलांना तो मनापासून आवडतो. दोन्हींत सगळ्यात सोपी पातळी निवडा आणि बरेच दिवस तीच ठेवा. अक्षरं हातांच्या गतीपेक्षा वेगाने पडू लागली की मूल घाबरून बोटांची शिस्त सोडतं, हे हमखास घडतं. गाड्यांच्या शर्यतीचा नायट्रो टाइप किंवा शब्दांवर गोळ्या झाडायचा झेडटाइप हे खेळ वाईट नाहीत, पण ते सगळी अक्षरं न बघता येऊ लागल्यानंतरचे आहेत. आधी दिले तर मूल परत धड्यांकडे वळत नाही. पैसे भरून घ्यायच्या वर्गणीची पहिल्या वर्षी काहीच आवश्यकता नाही.

घरी रोज पंधरा मिनिटं, त्यातली दहा धड्याला आणि पाच खेळाला. पहिले काही आठवडे कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसायला हवं, आणि त्याने गुणांकडे न बघता हातांकडे बघावं. डोकं वर-खाली होतंय का? प्रत्येक शब्दानंतर तर्जन्या F-J वर परततात का? मोठ्या अक्षरासाठी मूल Shift ऐवजी Caps Lock दाबतंय का? Space साठी अंगठा येतोय की तर्जनीच धावतेय? यातलं काही दिसलं तर अक्षरं कमी करा आणि वेग सोडून द्या. शंभर अक्षरांत दहाहून जास्त चुका होत असतील तर पुढचा धडा उघडू नका. घरच्या ओळीतली अक्षरं तोंडपाठ झाली की हातांवर एक पातळ नॅपकिन टाकून सराव द्या. हे मात्र अक्षरं यायला लागल्यावरच, आधी केलं तर मूल फक्त रडकुंडीला येतं.

मराठीचं काय, हे अनेक पालक विचारतात. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमधून सुरू करावा लागतो. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं उजव्या हाताकडे अशी आखणी आहे, त्यामुळे बोटं तीच आणि घरची जागाही तीच राहते. J वर ‘र’, K वर ‘क’, L वर ‘त’. बटणांवर देवनागरी छापलेला वेगळा कीबोर्ड घेऊ नका, स्टिकरही नकोत. न बघता टाइप करायचं असेल तर छापील अक्षराचा उपयोग नाही. क्रमाबद्दल माझं मत असं की रोमन अक्षरांच्या तिन्ही ओळी पक्क्या झाल्यावर इन्स्क्रिप्टला हात घालावा, कारण वर सांगितलेले धडे आणि खेळ रोमनवर आधारलेले आहेत. दोन्ही एकाच महिन्यात सुरू केली तर मूल गोंधळतं. राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेत मिनिटाला 30 आणि 40 शब्दांचे टप्पे असतात, ते ऐकून काही पालक चौथीतल्या मुलाला घड्याळ लावतात. ती परीक्षा या वयासाठी नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने हाताने जितक्या वेगाने लिहितो तितक्या वेगाने, न बघता, टाइप केलं की पहिला टप्पा झाला असं समजा.

वरच्या मुलीचा हिशेब मांडतो. घरात लॅपटॉप आहे. आकड्यांचा चौकोन नसलेला वायरचा कीबोर्ड हजार रुपये, प्लास्टिकचा स्टूल दोनशे, गोधडी आणि पुस्तकं घरची, धडे आणि खेळ मोफत. एकूण बाराशे. जमिनीवर बसवायचं ठरवलं तर स्टूलऐवजी बैठं टेबल पाचशे, म्हणजे पंधराशे. घरातला जुना कीबोर्ड पट्टीच्या परीक्षेत उतरला आणि F-J चे उंचवटे शाबूत असतील तर खर्च दोनशे रुपयांवर येतो. माझा सल्ला आहे की आधी तो जुना कीबोर्ड पुसून, मोजून बघा. नवा घ्यायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि पैसे देण्याआधी त्याची आठ बोटं घरच्या ओळीवर ठेवून बघा.